एका परिचयाचे तीन मसुदे: सूर कसा निवडायचा

मिरजेत किंवा सांगलीत कारागिराचा परिचय बहुतेक वेळा घरातलं शिकलेलं मूल लिहितं, नाहीतर डीटीपीवाला. परिचय दोन-तीन तऱ्हांनी लिहून बघावा, हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. घोळ होतो तो पुढे. तीन मसुदे तयार होतात, घरात एकदा वाचले जातात, "हा छान वाटतोय" म्हणून एक छापायला जातो, आणि दोन महिन्यांनी त्यातलं एखादं वाक्य अंगाशी येतं. म्हणून इथे एकच परिच्छेद शेवटपर्यंत नेला आहे. परिचय एका तानपुरा कारागिराचा आहे. तो नमुन्यासाठी रचला असल्यामुळे नावाची जागा मोकळी सोडली आहे.

टप्पा १: कागद कुणाच्या हातात पडणार ते आधी ठरवा

मसुदा लिहायच्या आधी कोऱ्या कागदावर तीन ओळी लिहा. परिचय कुठे छापला जाणार? तो कोण, कुठल्या अवस्थेत वाचणार? वाचून झाल्यावर त्या माणसाच्या मनात कोणता प्रश्न उरता कामा नये?

आपल्या नमुन्यात उत्तरं अशी आहेत. परिचय प्रदर्शनातल्या गाळ्यावर ठेवायच्या माहितीपत्रकात जाणार आहे. वाचणार आहेत गाणं शिकणारी मुलं-मुली आणि त्यांचे पालक. ते उभ्या उभ्या वाचणार, एका हातात पिशवी असणार. त्यांच्या मनातले प्रश्न दोन: आमच्या पट्टीचा तानपुरा मिळेल का, आणि पुढे काही बिघडलं तर कुणाकडे जायचं?

या तीन ओळी लिहिल्या नाहीत, तर पुढची तुलना निव्वळ आवडीनिवडीची होते. "चांगला परिचय" नावाचा काही प्रकार नसतो. संगीतसभेच्या स्मरणिकेसाठी चांगला असलेला परिच्छेद गाळ्यावरच्या पत्रकात लांबलचक वाटतो, आणि पत्रकातला स्मरणिकेत उघडावाघडा दिसतो.

शब्दमर्यादाही इथेच ठरवा. उभ्यानं वाचायच्या परिच्छेदाला पन्नास ते साठ शब्द पुरतात. नमुन्यासाठी ५५ शब्द धरू.

टप्पा २: माहितीची यादी, कारागिराच्याच तोंडून

आता कारागिरासमोर बसून माहिती लिहून घ्या. वाक्यं जुळवू नका, मुद्दे टिपा. नमुन्यातली यादी सात मुद्द्यांची आहे:

१. काम मिरजेत; तानपुरे बनवतो.
२. स्वतः काम करायला लागून बावीस वर्षं झाली.
३. काकांकडे शिकला.
४. स्त्रीचा आवाज की पुरुषाचा आणि पट्टी कोणती, हे विचारून बनवतो.
५. भोपळा मंगळवेढा भागातला. वर्षभर वाळवून मगच कापतो.
६. जवारी स्वतः लावतो, दुसऱ्याला लावू देत नाही.
७. जुने तानपुरे दुरुस्त करतो. पण पाहिल्याशिवाय शब्द देत नाही.

शब्द त्याचे तसेच उतरवा. जवारी, म्हणजे तारेचा आवाज झणकारता करायचं काम, हा शब्दही तसाच. घरात चाचा म्हणत असतील तर चाचा लिहा, परस्पर काका करू नका. गाळ्यावर "लेडीज तानपुरा, जेंट्स तानपुरा" असंच बोललं जातं. ते छापायचं की नाही हा सुराचा प्रश्न आहे, तो नंतर सुटेल. यादीत मात्र ऐकलेला शब्दच हवा. दुसऱ्या मुद्द्यातल्या "स्वतः काम करायला लागून" या शब्दांवर बोट ठेवून ठेवा, पुढे त्यांचं काम पडणार आहे.

*सावधान.* दोन गोष्टी यादीतूनच बाहेर ठेवा, म्हणजे त्या मसुद्यात शिरणार नाहीत. पहिली जीआयची, म्हणजे भौगोलिक मानांकनाची. मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते वाद्याला आणि गावाला मिळालं आहे, एकेका कारागिराला नव्हे. नोंदणीकृत अधिकृत वापरकर्ता म्हणून कारागिराचं नाव चढलं असेल, तरच त्याच्या मालापुढे ते मानांकन लावता येतं. तेव्हा "जीआय मानांकित कारागीर" असं लिहिण्याआधी नोंदणीचा कागद डोळ्यांनी पाहा. दुसरी गोष्ट घोडीची, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्याची. "पारंपरिक हस्तिदंती घोडी" किंवा "सांबरशिंगाची घोडी" हे शब्द जुन्या पत्रकांतून बिनदिक्कत उचलले जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या वस्तूंच्या व्यापाराला बंदी आहे. घोडी आज लाकडाची, उंटाच्या हाडाची किंवा प्लास्टिकची असते. परिचयात तिचा उल्लेख करायचाच असेल, तर जी आहे तीच लिहा.

टप्पा ३: मूळ परिच्छेदात किती सूर मिसळलेत ते शोधा

बहुतेकांकडे आधीचा एखादा परिच्छेद असतोच. नमुन्यातला असा आहे:

> मिरज या संगीतनगरीतील सुप्रसिद्ध तंतुवाद्य निर्माते श्री. (नाव) हे गेली २२ वर्षे तंतुवाद्य निर्मितीच्या क्षेत्रात कार्यरत असून त्यांना हा वारसा त्यांच्या काकांकडून लाभला आहे. उत्कृष्ट दर्जाचे तानपुरे ही त्यांची खासियत आहे. जवारी ते स्वतः लावतात बरं का! मंगळवेढ्याचा भोपळा वर्षभर वाळवून वापरला जातो. आमच्याकडे जुन्या तानपुऱ्यांची दुरुस्तीही केली जाईल. एकदा अवश्य भेट द्या.

पेन्सिल घ्या आणि चार ठिकाणी खुणा करा. मराठीत सूर प्रामुख्यानं या चार जागी बदलतो.

पहिली जागा, बोलणारा कोण. सुरुवातीला "श्री. (नाव) हे", मध्येच "ते लावतात", आणि शेवटी एकदम "आमच्याकडे". म्हणजे आधी तिऱ्हाईत बोलत होता, आता दुकानदार बोलू लागला.

दुसरी जागा, शब्दांच्या शेवटाचं लेखन. "वर्षे" आणि "केले" हा छापील वळणाचा सूर. "वर्षं" आणि "केलं" हा बोलण्याचा. दोन्ही चालतात, पण एका परिच्छेदात एकच. वरच्या परिच्छेदात "वर्षे" आणि "बरं का" शेजारी नांदतायत.

तिसरी जागा, शब्दांचं कुळ. "निर्मितीच्या क्षेत्रात कार्यरत" हे सभेचं मराठी आहे आणि "खासियत" हे बाजारचं. दोन्ही वाईट नाहीत, पण एका दमात आले की वाचणारा अडखळतो. का अडखळला ते त्याला सांगता येत नाही.

चौथी जागा, करणारा माणूस वाक्यात आहे की गायब. "वापरला जातो", "केली जाईल". भोपळा कोण वाळवतो, दुरुस्ती कोण करतो? कर्मणी प्रयोगात कारागीर लपतो, आणि परिचय तर त्याचाच आहे.

विशेषणांवर आणि बिरुदांवर वेगळी खूण करा: सुप्रसिद्ध, उत्कृष्ट, संगीतनगरी. यांतलं एकही यादीत नाही. पुढच्या तिन्ही मसुद्यांत ती येणार नाहीत.

टप्पा ४: तीन मसुदे लिहा, बदल फक्त सुराचा

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यात होतात. एका मसुद्यात काकांची गोष्ट, दुसऱ्यात भोपळ्याची, तिसऱ्यात दुरुस्तीची, असं लिहिलं तर तुम्ही सूर निवडत नसता, माहिती निवडत असता. कुणाला भोपळ्याची गोष्ट आवडते आणि त्या नादात तो मसुदा जिंकतो. म्हणून नियम एकच: सातही मुद्दे तिन्ही मसुद्यांत यावेत. त्यांचा क्रम हलला तरी चालेल. लांबी ५५ शब्दांच्या आसपास, पाच शब्द इकडे-तिकडे. लांब मसुदा उगाच भारदस्त वाटतो आणि आखूड उगाच चटपटीत. ही फसगत टाळण्यासाठी शब्द मोजायलाच हवेत.

प्रत्येक मसुद्याच्या डोक्यावर त्याचा सूर एका शब्दात लिहा आणि मगच सुरुवात करा.

मसुदा अ, सभेचा सूर (५६ शब्द)

> (नाव) हे मिरज येथील तानपुरा कारागीर असून गेली बावीस वर्षे ते हे काम करीत आहेत. या कामाचे शिक्षण त्यांनी आपल्या काकांकडे घेतले. तानपुऱ्यासाठी ते मंगळवेढा परिसरातील भोपळा वापरतात व तो वर्षभर वाळवल्यानंतरच कापतात. स्त्री व पुरुष अशा दोन्ही आवाजांच्या पट्टीनुसार ते तानपुरे तयार करतात. प्रत्येक वाद्याची जवारी ते स्वतः लावतात. जुन्या तानपुऱ्यांची दुरुस्तीही त्यांच्या कारखान्यात होते.

मसुदा ब, ओसरीवरचा सूर (५७ शब्द)

> मी मिरजेत तानपुरे बनवतो. काकांच्या हाताखाली शिकलो, त्याला आता बावीस वर्षं झाली. भोपळा मंगळवेढ्याकडचा आणतो आणि वर्षभर वाळू देतो, त्याआधी त्याला करवत लावत नाही. बाई गाणार की पुरुष, पट्टी कोणती, हे विचारूनच कामाला हात घालतो. जवारी मात्र दुसऱ्या कुणाला लावू देत नाही, ती माझीच. घरात पडून असलेला जुना तानपुरा असेल तर तोही घेऊन या, बोलता करून देतो.

मसुदा क, कामाचा सूर (५१ शब्द)

> (नाव) मिरजेत बावीस वर्षं तानपुरे बनवतात. हे काम ते काकांकडे शिकले. स्त्रीचा आवाज की पुरुषाचा आणि पट्टी कोणती, हे सांगितलं की त्याप्रमाणे तानपुरा करून मिळतो. भोपळा मंगळवेढा भागातला. कापण्याआधी तो वर्षभर वाळवतात. प्रत्येक तानपुऱ्याची जवारी ते स्वतः लावतात. जुना तानपुरा दुरुस्तीलाही घेतात, पण तो आधी पाहून मग काय होईल ते सांगतात.

ओसरीवरचा सूर म्हणजे "लई" आणि "काय सांगू राव" नव्हे. सांगली-मिरजेचं बोलणं दाखवायच्या हौसेनं परिचय नाटकातल्या संवादासारखा होतो, आणि कारागीर स्वतः तो वाचून चिडतो. त्यानं मुलाखतीत जसं बोललं असतं तेवढंच मोकळं लिहा.

*तपासा.* तिन्ही मसुद्यांच्या समासात यादीतले आकडे १ ते ७ लिहा, ज्या वाक्यात तो मुद्दा आला त्याच्यासमोर. एखादा आकडा गळला असेल तर तुलनेला बसू नका, आधी मसुदा नीट करा.

टप्पा ५: ओळीला ओळ लावून वाचा

मसुदे अखंड वाचून तुलना करायची नाही. अखंड वाचनात शेवटचं वाक्य डोक्यात राहतं आणि तेच निकाल लावतं. वर ब चं शेवटचं वाक्य इतकं गोड आहे की बाकीचं विसरायलाच होतं. म्हणून एकेक मुद्दा घ्या आणि त्याची तीन वाक्यं एकाखाली एक लिहा.

दुसरा मुद्दा घेऊन बघू.

अ: गेली बावीस वर्षे ते हे काम करीत आहेत.
ब: काकांच्या हाताखाली शिकलो, त्याला आता बावीस वर्षं झाली.
क: बावीस वर्षं तानपुरे बनवतात.

यादीत काय होतं? "स्वतः काम करायला लागून बावीस वर्षं." अ आणि क बरोबर आहेत. ब मध्ये बावीस वर्षं शिकण्याला जाऊन चिकटली. शिकायला आणखी चार वर्षं गेली असतील तर हा आकडा चुकीचा ठरतो, आणि मिरजेत कोण कुणाकडे कधी होता हे सगळ्यांना पाठ असतं. मोकळ्या सुरात दोन गोष्टी एका वाक्यात सहज ओवल्या जातात आणि आकडा घसरतो. समासातल्या खुणेनं ही चूक पकडली जात नाही, कारण मुद्दा आलेला असतो. ओळीला ओळ लावली की दिसते.

आता सातवा.

अ: जुन्या तानपुऱ्यांची दुरुस्तीही त्यांच्या कारखान्यात होते.
ब: ...तोही घेऊन या, बोलता करून देतो.
क: ...तो आधी पाहून मग काय होईल ते सांगतात.

इथे तिन्ही सुरांचे स्वभाव उघडे पडतात. सभेच्या सुरानं अट गिळली, कारण त्या भाषेत अट बेसूर वाटते. ओसरीवरच्या सुरानं अट तर गिळलीच, वर वचन दिलं. भोपळ्याला तडा गेला असेल किंवा दांडी वाकली असेल, तर जुना तानपुरा प्रत्येक वेळी "बोलता" होत नाही. घोडीवर तारांनी चऱ्या पाडल्या असतील तर ती घासून नवी जवारी लावता येते. पण यातलं काय झालं आहे, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. उद्या कुणी पुण्याहून गवसणीत घालून फुटका तानपुरा आणला आणि पत्रक पुढे केलं, तर भांडण कारागिराच्या दारात होणार, लिहिणाऱ्याच्या नाही. क नं अट सांभाळली.

सहावा मुद्दा उलट्या बाजूचा आहे. अ आणि क दोघंही "स्वतः लावतात" म्हणतात. ते खोटं नाही, पण यादीत "दुसऱ्याला लावू देत नाही" असंही होतं. ब नं ते पकडलं: "दुसऱ्या कुणाला लावू देत नाही". जवारी म्हणजे घोडीचा माथा असा घासायचा की तार त्याला जेमतेम टेकत राहील आणि आवाज झणकारत सुटेल. मग तारेखाली दोरा सरकवून तो नेमका जागेवर आणायचा. हा हाताचा अंदाज असतो आणि गाणारी मंडळी त्यासाठीच ठरावीक कारागिराकडे जातात. तेव्हा या वाक्याला वजन हवं, आणि ते फक्त ब मध्ये आहे. ते बाजूला लिहून ठेवा.

बाकीचे मुद्दे भराभर उरका. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मुद्द्यात फरक फक्त शब्दांचा आहे. चौथ्यात क चं "करून मिळतो" हे "येथे चाव्या करून मिळतील" अशा पाटीसारखं आहे आणि त्यात कारागीर दिसत नाही. तिथे खूण करा.

टप्पा ६: दोन माणसांना वाचून दाखवा, पण "कुठला आवडला" विचारू नका

मसुदे वेगवेगळ्या कागदांवर, एकाच अक्षराच्या आकारात छापा. अ, ब, क ही अक्षरं कागदाच्या मागे लिहा. माणसं दोन हवीत: एक पत्रकाच्या वाचकांतला, म्हणजे गाणं शिकणाऱ्या मुलीची आई किंवा बाबा, दुसरा धंद्यातला, वाद्यांची जाण असलेला. घरातलं माणूस नको. घरच्यांना ब आवडतो, कारण त्यांना त्यात आपल्या माणसाचा आवाज ऐकू येतो. गाळ्यावर आलेल्या माणसानं तो आवाज कधी ऐकलेला नसतो.

दोघांना वेगवेगळ्या क्रमानं द्या, एकाला अ पासून आणि दुसऱ्याला क पासून. प्रत्येक कागद वाचून झाला की तो उलटा ठेवा आणि तीनच प्रश्न विचारा:

- हा माणूस काय करतो?
- तुम्ही त्याला फोन कशासाठी कराल?
- कुठला शब्द त्याच्या तोंडी किंवा त्याच्याबद्दल खटकला?

उत्तरं शब्दशः टिपा. कागद उलटा ठेवल्यावर जे आठवतं तेच परिचयानं पोचवलेलं असतं. पालकाला क वाचून "पट्टी सांगायची" एवढं आठवलं, तर परिचयाचं काम झालं. अ वाचून "मोठे कारागीर आहेत" एवढंच आठवलं, तर मान मिळाला पण प्रश्न तसाच राहिला. धंद्यातला माणूस साधारण एखाद्या शब्दावर बोट ठेवतो, आणि तो बरोबर असतो. "वाद्य निर्मिती केंद्र" असले शब्द तो लगेच बाजूला काढतो.

*सावधान.* तिसऱ्या माणसाला विचारायचा मोह होतो. तीन माणसांची तीन मतं झाली की मतदान सुरू होतं, आणि मतदानात सगळ्यांत मऊ मसुदा निवडून येतो. दोन माणसं पुरे. ती एकमेकांविरुद्ध बोलली तर पहिल्या टप्प्यातला कागद काढा: वाचक कोण लिहिला आहे? त्या बाजूच्या माणसाचं ऐका. माहिती चुकली की नाही यापुरतं मात्र धंद्यातल्याचं ऐका.

टप्पा ७: तपासयादी

एक रात्र मध्ये जाऊ द्या आणि सकाळी ही यादी घेऊन बसा. पहिले दोन प्रश्न दाराचे आहेत: तिथे "नाही" आलं तर तो मसुदा आहे तसा छापायला जात नाही, बाकी काहीही असो. उरलेल्या चारांत "हो" मोजायचे.

१. प्रत्येक मुद्दा यादीत आहे तितकाच आहे का, वाढलेला किंवा कापलेला नाही ना?
२. बोलणारा (मी किंवा ते) आणि लेखन (केले किंवा केलं) सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच आहे का?
३. वाचकाच्या दोन प्रश्नांची उत्तरं आहेत का?
४. प्रत्येक वाक्यात करणारा माणूस दिसतो का?
५. कारागिरासमोर मोठ्यानं वाचलं तर तो कुठे हसणार किंवा अवघडणार नाही ना?
६. ठरलेल्या जागेत आणि शब्दांत बसतो का?

नमुन्याचा निकाल असा:

| प्रश्न | अ | ब | क |
|---|---|---|---|
| १. माहिती तितकीच | नाही (७ ची अट गेली) | नाही (२ आणि ७) | थोडी कमी (६ वं वाक्य फिकं) |
| २. एकच सूर | हो | हो | हो |
| ३. प्रश्नांची उत्तरं | अर्धी | हो | हो |
| ४. माणूस दिसतो | जवळजवळ | हो | नाही (करून मिळतो) |
| ५. मोठ्यानं वाचता येतो | हो | नाही | हो |
| ६. शब्दमर्यादा | हो | हो | हो |

पाचव्या प्रश्नाला ब का अडला? "ती माझीच" हे वाक्य कारागीर तोंडानं सहज बोलेल. तेच छापून गाळ्यावर चारशे लोकांना वाटलं की त्यात मिरवणं दिसतं. तो अवघडतो आणि म्हणतो, "असं नको." मीपणाची वाक्यं बोलताना खपतात, कागदावर खपत नाहीत. "मी" वापरायचा असेल तर फुशारकीच्या कडेला जाणारं प्रत्येक वाक्य कारागिराला आधी वाचून दाखवलंच पाहिजे.

उरलेल्या चारांतले "हो" ब ला तीन आहेत आणि क लाही तीनच. म्हणूनच पहिले दोन प्रश्न दाराचे ठेवलेत. ब तिथेच थांबतो. क मध्ये माहिती चुकलेली नाही, एक वाक्य फिकं आहे आणि एकात माणूस हरवला आहे. दोन्ही दुरुस्त होण्यासारखं आहे. निवड क ची.

टप्पा ८: उसनं वाक्य आणि शेवटचा हात

ब चं जवारीचं वाक्य क मध्ये आणायचं आहे. ते उचलून तसंच चिकटवलं, की तिसऱ्या टप्प्यातली खिचडी पुन्हा शिजते. त्यामुळे आधी त्याचं रूपांतर करा: बोलणारा "मी" चा "ते", क्रियापद त्याप्रमाणे, आणि "मात्र" किंवा "माझीच" यांसारखा जोर काढून टाका. होतं असं: "जवारी ते दुसऱ्या कुणाला लावू देत नाहीत." मिरवणं गेलं, वजन राहिलं.

उसनी वाक्यं जास्तीत जास्त एक घ्या. दोन घ्यावीशी वाटली, तर बहुधा मसुदाच चुकीचा निवडलेला असतो.

पहिल्या झटक्यात जोडलेला मसुदा मोठ्यानं वाचला तेव्हा त्यात तीन वाक्यं "नाहीत"वर संपत होती: "वाळवल्याशिवाय कापत नाहीत", "लावू देत नाहीत", "पाहिल्याशिवाय शब्द देत नाहीत". डोळ्यांनी हे दिसलं नव्हतं, कानाला लागलं. तीन नकारांत जवारीचा नकार बुडून जातो, आणि कारागीर तिरसट वाटायला लागतो. म्हणून बाकीचे दोन होकारात वळवले. छापायला गेलेला मजकूर (५२ शब्द):

> (नाव) मिरजेत बावीस वर्षं तानपुरे बनवतात. हे काम ते काकांकडे शिकले. स्त्रीचा आवाज की पुरुषाचा आणि पट्टी कोणती, हे विचारून ते तानपुरा बनवतात. भोपळा मंगळवेढा भागातला आणतात आणि वर्षभर वाळवून मगच कापतात. जवारी ते दुसऱ्या कुणाला लावू देत नाहीत. जुना तानपुराही दुरुस्तीला घेतात. मात्र आधी तो पाहतात, मग काय होईल ते सांगतात.

"लेडीज, जेंट्स" इथे घेतलं नाही, कारण कामाच्या सुरात "स्त्रीचा आवाज" हे तितकंच सरळ आहे आणि वयानं मोठ्या पालकांनाही खटकत नाही. दरपत्रकात मात्र गिऱ्हाईक ज्या नावानं विचारतं तेच ठेवा.

अ आणि ब फेकू नका. हाच कारागीर उद्या एखाद्या सभेच्या स्मरणिकेत जाईल तेव्हा अ काढा, फक्त शेवटच्या वाक्यात "वाद्य पाहून" हे दोन शब्द घाला. पट्टीचं वाक्य तिथे वगळलं तरी चालेल. ब चा उपयोग तो स्वतः बोलणार असेल तिथे, म्हणजे छोट्या चित्रफितीत. तिथेही बावीस वर्षांचं वाक्य आधी फोडून दोन करा.

छापायला देण्याआधी

मजकूर डीटीपीवाल्याकडे गेला की तो जुन्या फॉन्टमध्ये बदलतो किंवा पुन्हा टाइप करतो, आणि त्यात "ऱ्य" सगळ्यांत आधी मोडतो. "तानपुऱ्याची"चं "तानपुर्याची" होतं, म्हणजे अर्धा र उडून डोक्यावर रफार बसतो. "दुसऱ्या"चं तेच. शेवटच्या मजकुरात असा शब्द एकच आहे, "दुसऱ्या", तरी प्रूफवर आधी तोच शोधा. मग "वर्षं"वरचा अनुस्वार पाहा. तो उडाला की "वर्ष" राहतं आणि बावीस वर्ष असं चुकीचं छापलं जातं. कुणी तो सुधारायला म्हणून "वर्षे" केलं, तर मसुद्याचा सूर त्या एका मात्रेनं बदलतो. प्रूफवर सही करायच्या आधी कारागिराला तो एकदा वाचून दाखवा, आणि नावाच्या रिकाम्या जागी नाव भरताना ते आधार कार्डावर आहे तसं हवं की गल्लीत म्हणतात तसं, हे त्यालाच विचारा.